मदत हवी आहे: एक्स ॲक्सिसला साठ मायक्रॉनचा प्ले, सी-५ बॉल स्क्रू घेऊ का?

अंबडचा_नवखा

नमस्कार मंडळी. अंबडला छोट्या गाळ्यात स्वतः जुळवलेलं छोटं मिलिंग सीएनसी चालवतो. भांडी बाजारातल्या दोन दुकानांना पितळेचे ठसे आणि नक्षीच्या पट्ट्या करून देतो. एक्सचा प्रवास ३०० मिमी. स्क्रू १६०५, रोल्ड, सी-७, साधा एक नट. मोटरकडे बीके-१२, दुसऱ्या टोकाला बीएफ-१२. खाली आधारपट्टीवरचे गोल दांडे आहेत, तेही बदलायचेत.

अडचण अशी. ४० मिमीचं भोक गोल फिरवून काढलं की वाय दिशेला ४०.०० भरतं आणि एक्स दिशेला ३९.९४. शिवाय एक्सच्या दोन्ही टोकांना आत सपाट डाग दिसतो, जेमतेम दीड मिलिमीटर लांब. नख फिरवलं तर लागतो. टेबलाला डायल लावून एक्स उलटा फिरवला की काटा सहा घरं हलतच नाही. घर ०.०१ चं.

एका दुकानदाराने सी-५ ग्राउंड स्क्रू आणि सर्वात जड प्रीलोडच्या २० मिमी लिनियर गाइडचं कोटेशन दिलंय. निम्म्या मशीनएवढे पैसे होतात. घेतल्यावर हा प्ले जाईल ना?

सिडको_निखिल

भाऊ, पैसे कशाला घालवतोस. लिनक्ससीएनसी वापरतोस ना? आयएनआय फाइलमध्ये एक ओळ टाक, विषय संपला.

```
[JOINT_0]
BACKLASH = 0.06
```

माझ्या राउटरवर तीन वर्षं हेच चाललंय, काही तक्रार नाही.

लेथवाला_पिंपळगाव

माझ्याही लेथला असाच प्ले होता. क्रॉस स्लाइडचा नट उभा कापून दोन भाग केले, मधे बोल्ट घालून आवळला. आता हँडल जरा जड फिरतं, पण प्ले शून्य. तुम्हीपण नट कापून बघा.

जुना_टूलरूम

पिंपळगावकर, तुमचा नट गनमेटलचा आणि आटे ॲक्मीचे. बॉल स्क्रूचा नट कडक केलेला असतो आणि आत गोळ्या फिरत असतात. करवत घसरेल आणि गोळ्या गाळाभर होतील. त्यांना हे सांगू नका.

अंबडकर, आधी एक गाठ सोडवू. सी-७ आणि सी-५ हे आकडे पिचच्या चुकीचे. सी-७ म्हणजे ३०० मिमी लांबीत टेबल साधारण ५० मायक्रॉन पुढे-मागे जाऊ शकतं, जपानी मानकातल्या सी-५ ला ती मर्यादा १८ आहे. उलटं फिरताना स्क्रू किती मोकळा राहतो, हे त्या आकड्यात नाही. सी-५ स्क्रूवर ढिला नट चढवला तर प्ले तेवढाच. उलट सी-७ ची पिचची चूक दरवेळी त्याच जागी तेवढीच येते, म्हणून ती मोजून फाइलमध्ये भरता येते.

तुमचा ४० चा गोल मात्र सगळं सांगतोय. टेबल उजवीकडे जाताना ३० मायक्रॉन मागे राहतं, डावीकडे जाताना दुसऱ्या बाजूने तेवढंच. म्हणून एक्स दिशेचं माप बरोबर ६० ने कमी. सपाट डाग म्हणजे उलट्या वळणावर टेबल थांबलेलं असताना वाय पुढे सरकत राहतो, ती लांबी. २० च्या त्रिज्येला ६० मायक्रॉन प्ले असला की ती दीड मिमीच्या आसपासच येते. पाहणी चांगली केलीत.

पण हे साठ नटाचेच आहेत हे कुणी ठरवलं? काहीही मागवायच्या आधी हे करा. बीएफच्या बाजूला स्क्रूच्या टोकाच्या सेंटर भोकात ग्रीस लावून एक बेअरिंगची गोळी बसवा. डायलचं सपाट टोक त्या गोळीला टेकवा, स्टँड मशीनच्या पायावर. मोटर चालू ठेवून धरून ठेवायची, म्हणजे स्क्रू फिरणार नाही. आता टेबल हाताने पुढे-मागे जोराने ढकला. काटा हलला तर स्क्रूच पुढे-मागे सरकतोय, दोष बेअरिंगच्या ब्लॉकमध्ये. काटा स्थिर आणि टेबल हलतंय, तर नट. दुसरी डायल टेबलाला लावून दोन्ही आकडे कळवा.

सिडको_निखिल

काका, मान्य. पण सॉफ्टवेअरची भरपाई करून गोल बरोबर येतोच की. मग नट असो वा बेअरिंग, काय फरक?

जुना_टूलरूम

ड्रिल करताना, किंवा तुझ्या राउटरसारखं लाकडात, चालून जातं. पितळ मिलिंग करताना कटर टेबलाला स्वतःकडे ओढतो, विशेषतः क्लाइंब कट घेताना. तेव्हा ढिल्या नटात टेबल मोकळ्या जागेभर उडी मारतं. सॉफ्टवेअरला वाटतं टेबल एका बाजूला टेकलंय, आणि कटरने ते दुसऱ्या बाजूला नेलेलं असतं. दात तुटतो तो त्या क्षणी. शिवाय भरपाईची उडी टेबलाला अचानक द्यावी लागते, त्यासाठी ॲक्सिलरेशनमध्ये जागा ठेवावी लागते. दहा-वीस मायक्रॉन भरून काढायला तुझी ओळ चांगली. साठला नाही.

अंबडचा_नवखा

काका, काल रात्री बसलो. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा सारखं. टेबल एकूण ०.०५५ हललं, आणि गोळीवरचा काटा ०.०३५. म्हणजे स्क्रूच सरकतोय!! बीके-१२ उघडू का? लॉकनट तर घट्ट आहे.

जुना_टूलरूम

म्हणजे पस्तीस बेअरिंगचे आणि वीस नटाचे. उरलेले पाच कपलिंगमध्ये किंवा हाताच्या जोरातल्या फरकात असतील. रबरी स्पायडरचं कपलिंग असेल तर तेही पाहा, ५ मिमी पिचच्या स्क्रूवर एक अंश मोकळा फिरला की १४ मायक्रॉन गेले.

लॉकनट घट्ट असतो, पण कशावर घट्ट, हा प्रश्न. त्या ब्लॉकमध्ये अँग्युलर बेअरिंगची जोडी असते. नटाने आतल्या रिंगा दाबायच्या आणि पुढच्या झाकणाने बाहेरच्या. दोन दोष मी वारंवार पाहिलेत. एक, स्क्रूचा टोकाचा भाग खरादताना जरा लांब ठेवलेला, मग नट बेअरिंगच्या कॉलरऐवजी शाफ्टच्या खांद्यावर आवळला जातो. दुसरा, झाकण ब्लॉकवर चपटं बसतं आणि आतली कड बाहेरच्या रिंगेला टेकतच नाही. रिंग आत मोकळी खेळते. झाकणाचे स्क्रू काढून पुन्हा हाताने टेकवून बघा. रिंगेला टेकल्यावर झाकण आणि ब्लॉकमध्ये केसभर फट राहायला हवी. नसेल तर कड आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये शिमची गोल वॉशर कापून घाला, पाच शतांशापासून सुरू करा. मग स्क्रू बोटाने फिरवून बघायचा. अडखळला तर जास्त झालं. आणि मधे साधी बॉल बेअरिंग निघाली तर जोडीच बदला, शिमने ती सुधारत नाहीत.

मीनल_के

एक विचारते, मी सातपूरला फिक्स्चर डिझाइन करते. नटाचे वीस काढायला दोन नटांची जोडी लावायची की मोठ्या गोळ्या भरायच्या? आमच्याकडे याच्यावर नेहमी वाद होतो.

जुना_टूलरूम

ताई, दोन्हीकडे काहीतरी जातंच. दोन नटांच्या जोडीत मधल्या स्पेसरने हवा तेवढा प्रीलोड देता येतो, पण नट जवळजवळ दुप्पट लांब होतो, आणि ३०० मिमीच्या ॲक्सिसमध्ये तो प्रवास खातो. १६०५ मध्ये गोळी ३.१७५ ची असते. माझ्या हिशोबाने ४५ अंशाच्या टेकण्यावर वीस मायक्रॉन प्ले काढायला गोळी सुमारे सात मायक्रॉनने मोठी लागेल. सगळ्या गोळ्या एकाच लॉटच्या हव्यात. नट स्क्रूवरून काढताना स्क्रूच्या आतल्या व्यासाएवढी प्लॅस्टिकची नळी लागतेच. माझ्या एका पोराने नळीशिवाय काढला होता, तीन दिवस आम्ही गटाराच्या जाळीतून गोळ्या वेचत होतो.

किती प्रीलोड? कापण्याचा सर्वात मोठा जोर तुमच्या पितळेला ३०० न्यूटन धरा. प्रीलोड त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे शंभर. बाहेरचा जोर प्रीलोडच्या सुमारे २.८ पट झाला की मोकळ्या बाजूच्या गोळ्या सुटतात, म्हणून हा हिशोब. याहून जास्त दिला की नट गरम होतो, लवकर झिजतो आणि स्टेपर उगाच दमतो.

मीनल_के

पण रोल्ड स्क्रूचा व्यास सगळीकडे सारखा नसतो. मोठ्या गोळ्या भरल्या तर मधे सैल आणि टोकाला आवळ असं होतं, आमच्या इथे झालंय.

जुना_टूलरूम

होतं. म्हणूनच रोल्डवर शंभर न्यूटन नेमका साधेल याची हमी मी देत नाही. मी तरी आधी त्या वीसचे शून्य करायला बघेन. टोकाला आवळ झाला तर आणखी घट्ट करायचा नाही.

आता गाइड. त्या सर्वात जड प्रीलोडच्या नादी लागू नका. जड प्रीलोडचे ब्लॉक सरळ ग्राइंड केलेल्या बैठकीसाठी. तुमची २० मिमीची ॲल्युमिनियम प्लेट मिलिंग केलेलीच असेल, तर त्यावर दुसरी रेल दहा-पंधरा मायक्रॉन तिरकी बसली तरी ब्लॉक आतून आवळतो. तो ताण स्टेपरला जाणवतो आणि डायलवर तुम्हाला तो प्लेसारखाच दिसतो, कारण घर्षणाने टेबल अडकतं आणि कपलिंग पीळ खातं. १५ ची रेल, हलका प्रीलोड, प्रत्येक रेलवर दोन ब्लॉक, जमतील तेवढे लांब ठेवा. ब्लॉकमधलं अंतर १०० असेल आणि कटर रेलपासून १५० वर, तर ब्लॉकमधली वीस मायक्रॉनची डुलणी कटरवर तीस होते. हे अंतर वाढवायला पैसे पडत नाहीत.

बसवताना स्क्रू जोडायचा नाही. पहिली रेल पूर्ण आवळा, दुसरी ढिली ठेवून टेबल टोकापासून टोकापर्यंत सरकवत मागून एकेक बोल्ट आवळत जा. मग तराजूच्या काट्याने टेबल ओढून बघा. आकडा सगळीकडे जवळपास एकच राहिला पाहिजे.

लेथवाला_पिंपळगाव

काका, हे तराजूचं माझ्या लेथलाही चालेल का?

जुना_टूलरूम

चालेल. आधी गिब नीट करा.

अंबडचा_नवखा

दोन आठवड्यांनी आलोय. झाकणाचाच दोष निघाला, फट नव्हती. एक पाच शतांशची आणि नंतर अजून एक तेवढीच वॉशर घातली. एकाने काटा बारावर आला, दोनने पाचावर. तिसरी घातली तेव्हा स्क्रू अडखळला, काढून टाकली.

रेल १५ च्या घेतल्या. पहिल्यांदा काट्यावर मधे ६०० ग्रॅम आणि उजव्या टोकाला दोन किलोच्या पुढे आलं. दुसरी रेल पुन्हा ढिली करून बसवली, आता सगळीकडे ७०० च्या आसपास. नटाला अजून हात लावला नाही, BACKLASH ला 0.02 दिलंय. निखिलभाऊ, तुमची ओळ कामी आली. ४० च्या भोकाची चाचणी पुन्हा घेतली, एक्सला ३९.९८, डाग शोधावा लागतो.

नवं कोडं असं. पत्र्याचा गाळा आहे, या थंडीत सकाळी आठला आत दहा-बारा अंश आणि दुपारी सत्तावीस. ३०० मिमीची पितळेची पट्टी सकाळी लावली की दुपारी भोकांचं अंतर सारखं येत नाही. हा स्क्रूचा दोष धरू का?

मीनल_के

पंधरा अंशांना पोलादी स्क्रू ३०० मिमीत ५० मायक्रॉन वाढतो, म्हणजे सी-७ ची सगळी मर्यादा एवढ्यातच गेली. पितळ त्याहून जास्त, सुमारे ८५. दोघांतला फरक पस्तीसच्या आसपास. सगळी भोकं एकाच बैठकीत, तापमान स्थिर झाल्यावर करा. सकाळी अर्धी आणि दुपारी अर्धी केली तर कुठलाही स्क्रू वाचवणार नाही.

जुना_टूलरूम

ताईंचा हिशोब बरोबर, पण मशीनचा पाया ॲल्युमिनियमचा आहे हे विसरू नका. तो मीटरला दर अंशामागे २३ मायक्रॉनने वाढतो आणि रेल पोलादी, म्हणजे प्लेट वाकण्याचीही शक्यता. सकाळ आणि दुपार, दोन्ही वेळी तराजूचा काटा लावा. आकडा बदलला तर तिथून बोलू.