विषय: स्वयंसेवकांचे टी-शर्ट, अनुस्वार चुकलाय

मंडळी, नमस्कार.
गणपतीचे 24 टी-शर्ट छापून आले, पण पाठीवर "स्वंयसेवक" असं आहे. अनुस्वार "य"वर हवा होता. अक्षरं पांढऱ्या विनाइलची, इस्त्रीने चिकटवलेली. कापड निळं, निम्मं सुती, निम्मं पॉलिएस्टर. नुसता ठिपका काढता येईल का? कापड करपायची भीती वाटते.
– मृणाल

मृणाल, टी-शर्ट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव. डिंक कडक होऊन ठिपका नखाने निघेल.
– नितीन

नितीन, फ्रीझरने च्युइंगगम निघतं, कारण ते कापडावर वरवर बसलेलं असतं. हा डिंक दाबून धाग्यांत शिरलाय, तो गरम असतानाच सुटेल.
मृणाल, टी-शर्ट उलटा कर आणि अक्षरांखाली बेकिंग पेपर घाल. मेणाचा कागद नको, मेण कापडात उतरतं. वाफ बंद, इस्त्री दोन ठिपक्यांवर, म्हणजे साधारण 150 अंश. आतल्या बाजूने, अनुस्वाराच्या बरोबर मागे, इस्त्रीचं फक्त टोक 8-10 सेकंद टेकव. लगेच सुलट करून कापड जरा ताण आणि चिमट्याने ठिपक्याची कड उचल. कड तुटत असेल किंवा कापडही ओढलं जात असेल, तर अजून 5 सेकंद ऊब दे. इस्त्री मात्र वाढवू नकोस. पॉलिएस्टर करपण्याआधी चकाकतं आणि ती चकाकी धुऊन जात नाही. म्हणून आधी खालच्या शिवणीत, आतून करून बघ.
डिंक उरला तर त्यावर खाकी कागद ठेवून इस्त्री फिरव, बराचसा कागदावर येतो. शेजारची अक्षरंही ढिली झालेली असतील, त्यामुळे नवा ठिपका लावून झाला की वर बेकिंग पेपर ठेवून सगळा शब्द 10-15 सेकंद दाब.
– सुनंदा काकू

काकू, माझ्या जुन्या अधिवेशनाच्या टी-शर्टवरचं चित्र तडकलंय. तेही असंच काढू का?
– अरविंद

अरविंदभाऊजी, त्या चित्रावर बोट फिरवून बघा. सोलता येईल अशी पातळ फिल्म लागली तर प्रयत्न करा. शाईची छपाई असेल तर इस्त्रीने ती नुसती चिकट होईल, निघणार नाही.
– सुनंदा काकू

काकू, तीन झाले! पहिल्यावर मी घाई केली. इस्त्री उचलून टी-शर्ट सुलट करेपर्यंत ठिपका गार झाला आणि अर्धाच निघाला. आता मी इस्त्री करते आणि चिमटा घेऊन अहो शेजारी उभे राहतात. उरलेल्या विनाइलमधून कापलेला नवा ठिपका छान बसला. पण "स्व"वर जुन्या ठिपक्याची गोल, गडद खूण दिसते. डिंक नाहीये, हाताला लागत नाही.
– मृणाल

ते कापड दाबलं गेल्यामुळे असेल, एका धुण्यात जाईल. पण तिथला रंगच बदलला असेल तर राहील. एक टी-शर्ट धुऊन बघ आणि मग बाकीचे 21 घे.
– सुनंदा काकू