‘तास भरले’ म्हणजे नेमकं काय?

पारोळेकर: मुलगी एफवायला आहे, एनएसएस घेतलंय, २ क्रेडिटचं. सर म्हणाले तास भरले नाहीत, ती म्हणते सगळे भरले, डायरी दाखवते तर शेवटच्या पानापर्यंत भरलेली. भांडण शब्दाचंच वाटतंय मला, तुम्ही काय म्हणता?

रावेरचा_केळीवाला: आमच्याकडे तास म्हणजे नांगराची ओळ भो, तास वाकडं गेलं की बाप ओरडायचा. बाकी डायरीचं माहीत नाही.

मेहरूणकर: भरणे म्हणजे पूर्ण होणे. आणि शिबिर केलं असेल ना तर सोपं आहे, ७ दिवस गुणिले २४, १६८ तास, झालं की काम!

निवृत्त_कार्यक्रम_अधिकारी: झोपेचेही तास धरले की तुम्ही 😄 तसं नसतं. एनएसएसच्या प्रमाणपत्राला दोन वर्षांत २४० तास नियमित काम लागतं, वर्षाला १२०, आणि ७ दिवसांचं विशेष शिबिर त्याच्यावर वेगळं. क्रेडिटचा हिशोब निराळा, प्रत्यक्ष कामाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणून दोनला ६०. प्रमाणपत्र आणि क्रेडिट या दोन गोष्टी एकच समजून पोरं फसतात.

आता शब्द. तास ‘भरणे’ म्हणजे पुरे होणे, तास ‘भरून टाकणे’ म्हणजे डायरीत लिहून टाकणे, मराठीत एकाच क्रियापदावर दोन्ही चालतं आणि घोटाळा तिथेच. मुलीने नोंद कशी केलीय ते बघा.

पारोळेकर: बघितलं. एका पानावर ‘वनराई बंधारा, ३ तास’, बाकी कुठे ‘२ तास’, कुठे ‘४ तास’. एकूण ६० बरोबर येतात. वेळ कुठेच नाही, सही महिन्याच्या शेवटी एकदम.

निवृत्त_कार्यक्रम_अधिकारी: मग विचारा, तास म्हणजे घड्याळाचा की कॉलेजचा. आपण ‘तास बुडवला’ म्हणतो तो तासिकेचा. आमच्याकडे तासिका ४८ मिनिटांची होती. ६० तासिका म्हणजे २,८८० मिनिटं, म्हणजे घड्याळाचे ४८ तास. १२ कमी! सकाळी ८ ते ११ असं लिहिलं असतं तर वाद झालाच नसता. आणि सगळ्या सह्या एकाच शाईच्या, एकाच तिरप्या हाताच्या असल्या की मला तरी लगेच कळायचं, डायरी एका रात्रीत भरलीय.

पारोळेकर: तिला विचारलं. लाजली. कॉलेजमधल्या सफाईच्या दिवशी तासिकाच मोजल्या म्हणे, बंधाऱ्याचे मात्र घड्याळाचेच.

मेहरूणकर: म्हणजे १२ पेक्षा कमीच कमी पडतील ना? आणि ट्रॉलीतून नाल्यापर्यंत गेलं तो वेळ धरायचा का?

निवृत्त_कार्यक्रम_अधिकारी: कमीच, पण किती ते पान पान बघून मोजावं लागेल. ट्रॉलीचं विचाराल तर मी धरत नव्हतो, शेजारचे सर धरायचे. दोघांचं भांडण रिटायर होईपर्यंत चाललं.