मदत हवी आहे : हॉलमधला ३००० केल्विनचा प्रकाश पिवळा आणि अपुरा वाटतो, नेमके काय बदलावे?

क्षितिजा_पुणे

नमस्कार. आमच्या सदनिकेत हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नाही. नूतनीकरणापूर्वी हॉलमध्ये २० वॅटच्या दोन एलईडी पट्ट्या भिंतीवर होत्या आणि त्यांच्यावर ६५०० केल्विन असे छापलेले होते. आता फॉल्स सीलिंग करून त्यात ६ वॅटचे सहा डाउनलाइट बसवले आहेत आणि ते सगळे ३००० केल्विनचे आहेत. स्वयंपाकघरातली पट्टी मात्र जुनीच, म्हणजे ६५०० केल्विनची आहे. हॉल साधारण १६ फूट लांब आणि १० फूट रुंद असून भिंती फिकट क्रीम रंगाच्या आहेत.

रात्री दोन्हीकडचे दिवे लावले की जमिनीवर पिवळ्या आणि निळसर उजेडाची सरळ सीमारेषा दिसते. हॉलमध्ये वर्तमानपत्र वाचायला त्रास होतो, आणि माझ्या सासऱ्यांच्या मते तर तो हॉल आता हॉल राहिलेला नसून लग्नाच्या कार्यालयाचा व्हरांडा झाला आहे. सहाही दिवे काढून ६५०० चे लावावेत, की स्वयंपाकघरही ३००० चे करावे, की सरसकट ४००० घ्यावे, हे कृपया सांगावे.

दगडूशेठ_वायरिंगवाले

ताई, सरळ ६५०० लावा. केल्विन जितके जास्त तितका उजेड जास्त, हे आम्ही रोज पाहतो. गिऱ्हाईक हौसेने वॉर्म व्हाइट घेते आणि महिनाभरात बदलायला येते.

मोहन_नाशिक

माझ्याकडेही तापमानाचीच अडचण आहे. छताच्या बंद काचेच्या डब्यात लावलेला ९ वॅटचा बल्ब इतका तापतो की हात लावता येत नाही, आणि काही महिन्यांत तो लुकलुकू लागतो. कमी केल्विनचा बल्ब घेतला तर तो कमी तापेल का?

दीपमाळ

मोहनराव, केल्विनचा आकडा प्रकाशाच्या रंगाचा आहे, बल्ब किती तापतो याच्याशी त्याचा संबंध नाही. आपल्या बल्बची उष्णता बंद डब्यातून बाहेर पडत नाही आणि त्यामुळे त्याच्या बुडातले सर्किट लवकर खराब होते. कमी वॅटचा बल्ब लावा किंवा डबा उघडा ठेवा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. क्षितिजाताई, आपल्याकडे दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत, आणि पिवळेपणाला अपुरेपणाचाही दोष दिला जात आहे. दिवा एकूण किती उजेड देतो हे ल्युमेनमध्ये मोजतात. आपल्या जुन्या पट्ट्या प्रत्येकी सुमारे २००० ल्युमेन देत असतील, म्हणजे दोन्ही मिळून ४०००. वॅटमागे ८० ल्युमेन धरले तर ६ वॅटचा डाउनलाइट ४८० ल्युमेन देतो आणि सहा मिळून २८८० होतात. म्हणजे उजेड चौथ्या हिश्शाहून अधिक घटला आहे. शिवाय भिंतीवरची पट्टी छत आणि समोरची भिंत दोन्ही उजळवत असे, तर डाउनलाइट आपला उजेड खाली जमिनीवर टाकतो. भिंती अंधाऱ्या राहिल्या की जमिनीवर पुरेसा उजेड असूनही खोली मंद वाटते. हेच सहा दिवे ६५०० चे घेतले तरी वाचनाची अडचण फारशी सुटणार नाही.

याची खात्री घरीच करता येते. रात्री स्वयंपाकघराचा दिवा पूर्ण बंद ठेवून हॉलमध्ये दहा-पंधरा मिनिटे बसावे आणि मग वर्तमानपत्राचा कागद पाहावा. कागद आता पांढरा वाटत असेल पण अक्षरे वाचायला तरीही कष्ट पडत असतील, तर कमतरता उजेडाची आहे. इतका वेळ बसूनही सगळे पिवळेच दिसत राहिले, तर प्रकाशाचा रंग आणि क्रीम भिंती यांचा विचार करावा लागेल, कारण क्रीम भिंतीवरून परतणारा प्रकाश आणखी पिवळा होऊन येतो.

दगडूशेठ_वायरिंगवाले

मग खोक्यावर ६५०० च्या बल्बचे ल्युमेन जास्त कसे छापतात?

दीपमाळ

छापतात हे खरे आहे, आणि त्याच वॅटमध्ये ६५०० चा दिवा बहुधा थोडे अधिक ल्युमेन देतोही, परंतु तो फरक किरकोळ असतो. निळसर पांढरा उजेड तेवढ्याच ल्युमेनला डोळ्यांना अधिक प्रखर वाटतो, म्हणून आपल्या गिऱ्हाइकांचा अनुभव खोटा नाही. केल्विन वाढले म्हणून उजेड वाढला, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

सीमारेषेबद्दल सांगतो. एकाच रंगाचा प्रकाश असेल तर डोळा काही मिनिटांत त्याला सरावतो, पण दोन वेगळे प्रकाश एकाच वेळी नजरेत असतील तर तो कशालाच पुरता सरावत नाही. त्यामुळे स्वयंपाकघर निळे आणि हॉल पिवळा दिसतो. यात केल्विनची साधी वजाबाकी फसवी ठरते. दहा लाखाला केल्विनने भागून येणाऱ्या आकड्यांतला फरक डोळ्यांना जाणवणाऱ्या फरकाच्या अधिक जवळ जातो. ३००० साठी ३३३ येतात, ४००० साठी २५० आणि ६५०० साठी १५४. म्हणजे ४००० हा डोळ्यांच्या हिशेबाने साधारण मध्यावर आहे. म्हणून हॉल ३००० वरच ठेवून स्वयंपाकघराची पट्टी ४००० ची केली, तर आताची तफावत निम्म्याहून कमी होईल. हॉलमधल्या वाचनाच्या जागी ३००० चाच एक स्टँडचा दिवा ठेवावा आणि त्याचा उजेड भिंतीवरही पडेल असे पाहावे. खरेदी करताना नावावर जाऊ नये, कारण कूल व्हाइट या नावाखाली कोणी ४००० विकतो तर कोणी ६५००. छापलेला आकडा वाचावा.

रंगरेषा

मला हे पूर्णपणे पटत नाही. माझ्या घरी दोन्हीकडे ३००० आहे आणि सीमारेषेचा प्रश्नच येत नाही. ओट्यावर भाजीचा रंग नीट दिसावा यासाठी केल्विनपेक्षा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा आकडा, अधिक महत्त्वाचा ठरतो. ८० सीआरआयच्या दिव्याखाली टोमॅटो आणि गाजर मलूल दिसत होते, ९० च्या दिव्याखाली त्यांचा तांबडा रंग उजळला आणि केल्विन मात्र तेच राहिले. एक सावधगिरी सांगते : सगळे दिवे एकाच कंपनीचे आणि शक्यतो एकाच खेपेचे घ्यावेत. ३००० छापलेल्या दिव्याला प्रत्यक्षात पावणेदोनशे केल्विन इकडे-तिकडे होण्याची मुभा मानकातच असते, आणि त्याशिवाय एक किंचित गुलाबी तर दुसरा किंचित हिरवट निघू शकतो.

दीपमाळ

सीआरआयबद्दल सहमत आहे. पट्टी ४००० ची घेतली तरी ती ९० सीआरआयचीच घ्यावी. दोन्हीकडे ३००० ठेवणे ही आवडीची बाब आहे, मला भाजी निवडताना आणि तांदळातले खडे वेचताना ४००० अधिक सोयीचे वाटते.

क्षितिजा_पुणे

सर्वांचे आभार. काल रात्री चाचणी करून पाहिली. पाव तासाने मला कागद पांढरा दिसू लागला, पण वाचायला दिवा कमीच वाटला. सासऱ्यांना मात्र तेव्हाही सगळे तपकिरी दिसत होते, आणि आमचे मत जुळेना.

रंगरेषा

त्यांना मोतीबिंदू आहे का? वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि कमी उजेडात त्याचा त्रास अधिक जाणवतो.

क्षितिजा_पुणे

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, डावा बाकी आहे. आत्ताच त्यांना एकेक डोळा झाकून भिंत पाहायला सांगितली. उजव्याने क्रीम दिसते आणि डाव्याने तपकिरी. स्वयंपाकघरासाठी ४००० ची, ९० सीआरआयची पट्टी आणि वाचनासाठी स्टँडचा दिवा आणत आहोत. डाउनलाइट बदलण्याचा निर्णय डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होईपर्यंत थांबवला आहे.

दगडूशेठ_वायरिंगवाले

तोवर जुन्या दोन पट्ट्यांची जागा बुजवून टाकू नका ताई. त्यांच्या जागेची वायर भिंतीत शाबूत असेल, तर ३००० ची पट्टी तिथेच बसवता येईल आणि स्टँडचा खर्च वाचेल.