मदत हवी आहे: गर्दीच्या मनातलं सांगणारी कॅप्शन

फोटो स्टेजवरून, ड्रमच्या मागून काढलाय. गायकाने माइक लोकांकडे वळवलाय आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी डोळे घट्ट मिटून गातेय; शेजारणीचा हात तिच्या खांद्यावर. बँडची नावं टॅगमध्ये जातील, कॅप्शनमध्ये नकोत.

‘अविस्मरणीय रात्र’ लिहून पाहिलं, पण ते कुठल्याही कार्यक्रमाला चिकटतं. ‘सगळे बेभान’ हे फोटोत दिसतंच, शिवाय भावनेचं नुसतं नाव सांगतं. ‘शेवटचं कडवं आम्हीच गायलो’ त्यातल्या त्यात जवळचं वाटतं, कारण त्यात माइकही आला आणि आवाजही. मात्र खांद्यावरचा हात सुटतो, आणि माझ्या मते फोटोचा जीव तिथेच आहे.

एकच ओळ हवी, फार तर आठ शब्द. लांबली की फीडमध्ये कापली जाते. गाण्याची ओळ आणि इमोजी नकोत. ‘आम्ही’ ठेवून तो हात या ओळीत कसा आणता येईल?