व्हॉइसमेलचा संदेश १५ सेकंदांत बसत नाहीये, मदत हवी आहे

मोदकवाली_पुणे: गणपतीच्या ऑर्डरी सुरू झाल्यात. १५ सेकंदांपेक्षा मोठी फाइल घेतच नाही, माझी ३१ ची होतेय. गोड वाटेल असं कोणी लिहून देईल का? आजच हवंय.

खवय्या: उकडीचे का तळणीचे? कोथरूडला पोचवता का?

संथ_वाहते: फाइल कोण घेत नाही? फोन उचलला नाही तर वाजणारा संदेश हवाय, की होल्डवरचा? आणि आत्ताचा मजकूर टाका की.

मोदकवाली_पुणे: दोन्ही हवेत. फोनवर आपोआप संदेश वाजवणाऱ्या आयव्हीआरवाल्यांचं पोर्टल आहे, तेच फाइल घेत नाही. मजकूर नेहमीचाच: "आपले सहर्ष स्वागत आहे. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. सध्या आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत…"

संथ_वाहते: प्रतिनिधी किती?

मोदकवाली_पुणे: मी आणि जाऊबाई.

टेक_भाऊ: एवढं कशाला? ऑडिओ १.२५ पट वेगाने करा, मधल्या जागा कापा. काम झालं.

संथ_वाहते: ३१ ला १.२५ ने भागलं तरी २५ उरतात, भाऊ. आणि घाईचा आवाज गोड कसा लागेल? निवांत मराठी बोललं की सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे मधले थांबे धरून पंचवीसेक शब्दच हातात आहेत. स्वागत, महत्त्वाचा, व्यस्त, सगळं काढा. घरी बोलता तसं बोला:

"नमस्कार, … मधून बोलतेय. आत्ता हात उकडीत आहेत, फोन उचलता येत नाही. संध्याकाळी सातपर्यंत मीच फोन करते. बीपनंतर नाव, किती मोदक आणि कोणत्या दिवशी, तेवढं सांगा."

काय सांगायचं ते शेवटी ठेवलंय, कारण बीप वाजताना तेच कानात असतं. सुरुवातीला अर्धा सेकंद गप्प राहा. कॉल जोडला जाताना पहिलं अक्षर गिळलं जातं आणि 'नमस्कार'चं 'मस्कार' होतं.

टेक_भाऊ: मागे सनई टाका, गोडवा आपोआप येईल.

संथ_वाहते: साध्या कॉलवर आवाजाची वरची-खालची पट्टी कापली जाते. त्यात मागे सनई वाजली की शब्द बुडतात. होल्डला मात्र बोलणं संपल्यावर वाजू द्या, तीही स्वतः वाजवलेली किंवा हक्क घेतलेली. तिथला मजकूर याहून छोटा, कारण तो पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो: "फोन ठेवू नका. एक ऑर्डर लिहून घेतेय, लगेच येते."

निवृत्त_काका: 'सातपर्यंत' म्हणू नये. आमच्या गॅसवाल्याने असंच सांगितलं होतं, अजून वाट बघतोय. शिवाय आजकाल निरोप ठेवतो कोण? लोक सरळ व्हॉट्सॲप करतात.

संथ_वाहते: वेळ नसेल तर माणूस दुसरीकडे ऑर्डर देतो, काका. सात जमत नसेल तर नऊ म्हणा. व्हॉट्सॲपचं मात्र पटलं.

मोदकवाली_पुणे: १३ सेकंद! पोर्टलने घेतली. व्हॉट्सॲपचं वाक्य घातलं तर परत १६ होतात, काय काढू? जाऊबाई म्हणतात 'नमस्कार' काढ, मला नाही पटत. आणि सातचं नऊ केलंय.

खवय्या: कोथरूडचं राहिलं.