मदत हवी आहे: कालवणातलं आमसूल खायचं की ताटाच्या कडेला ठेवायचं?

मी मूळची नागपूरची, आंबटाला चिंच एवढंच माहीत. लग्नानंतर रत्नागिरीत आले. इथे सासूबाई कालवणातलं मऊ झालेलं आमसूल भाताबरोबर चावून खातात, मुलगा मात्र तेजपत्त्यासारखं उचलून बाजूला ठेवतो. रातांब्याचीच साल आहे, त्याच्याच रसात मिठाबरोबर पुन्हा पुन्हा बुडवून वाळवलेली, म्हणजे खायला हरकत नसावी. की चव उतरल्यावर नुसता चोथाच उरतो?

दुसरं म्हणजे, आंबटपणाशिवाय त्यानं नेमकं काय होतं? परवा चार बांगड्यांच्या कालवणात आठ आमसुलं सुरुवातीलाच टाकली आणि वीस मिनिटं उकळली. रस्सा खारट झाला (आमसुलांचं मीठ मी धरलंच नव्हतं) आणि जिभेवर तुरट, कडवट चव राहिली. काल आमसुलं धुऊन फक्त चार घेतली, शेवटच्या पाच मिनिटांत टाकली. बांगड्याचा उग्र वास तेवढाच कमी झाला, पण तुरटपणा अगदी हलका, खोबऱ्याच्या रश्श्याचा जडपणा तोडणारा. चिंचेनं रस्सा दाटसर, गोडसर होतो, तसं इथे झालं नाही. पातळ रस्सा पातळच राहिला, वर किंचित जांभळट झाक.

हा तुरटपणाच आमसुलाचं खरं काम म्हणायचं का? आणि नारळाचं दूध घालायचं असेल तर आमसूल आधी की गॅस बंद केल्यावर? माझं दूध एकदा फाटलंय. रोज करणाऱ्यांनी कृपया सांगा.