उत्तर: तीस स्लाइड्सचं सात मिनिटांचं भाषण

«संस्थेच्या पंचवीस वर्षांच्या ३० स्लाइड्स आहेत, प्रत्येकीवर साल आणि एक ओळ. वर्धापनदिनाला सात मिनिटं बोलायचंय, पण वाचून दाखवलं की अहवाल वाटतो.»

तीसमधल्या चारच ठेवा. सात मिनिटांत, टाळ्या आणि थांबे धरून, सावकाश बोललेले सातशेएक शब्द बसतात. म्हणजे तीस स्लाइड्सना प्रत्येकी जेमतेम एक-दोन वाक्यं, आणि अहवाल नेमका तिथेच होतो.

निवडताना साल बघू नका. त्या दिवशी कुणाला कसली भीती होती, हे सांगता येतं का ते बघा. समजा स्लाइडवर आहे: ‘संस्थेची नोंदणी, ७ सभासद’. त्या सातांपैकी एकाला फोन करा आणि ‘कसं वाटलं?’ऐवजी ‘त्या दिवशी टेबलावर काय होतं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘फार आनंद झाला’ एवढंच मिळतं. दुसऱ्याला कदाचित कळेल की अर्जावर सहावी सही झाली होती आणि सातवे गृहस्थ येईपर्यंत सगळे दाराकडे बघत होते. सुरुवात त्या दारापासून करा. साल नंतर, ओघात.

उरलेल्या स्लाइड्स भाषणाआधी मागे नुसत्या फिरू द्यात. बोलताना पडद्यावर एकच जुना फोटो, मजकुराशिवाय, नाहीतर लोक वाचत बसतात. (नावांची यादी मात्र दोघांकडून तपासून घ्या. एक नाव राहिलं की भाषण विसरतात, ते नाव नाही.)